भाऊजींचा टीव्ही आणि माझा हात

माझा हात हलतो, असं माझ्या भाऊजींचं मत होतं. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. हे मत त्यांनी मला कधी तोंडावर ऐकवलं नाही. माझ्या भाच्याच्या, म्हणजे त्यांच्याच मुलाच्या लग्नाचं शूटिंग त्यांनी बाहेरच्या स्टुडिओला दिलं, तेव्हा मला सांगितलं, "घरच्या माणसाले त्रास काहून द्याचा?" मी त्या लग्नात सफारी घालून, हात रिकामे ठेवून, पाहुण्यांना अत्तर लावत फिरलो. खरं कारण ताईकडून नंतर कळलं. भाऊजी तिला म्हणाले होते, "तुझ्या भावाचा हात हलते. नारळ फुटताना चित्र हललं तर लोक काय म्हणतील?"

आमच्या घरात हात हलणं हे कधी दूषण नव्हतं. वडील हातमागावर बसायचे, आणि हात हलवल्याशिवाय माग चालत नाही. पण मी त्या मागावर बसलो नाही. लग्नांत दुसऱ्याच्या कॅमेऱ्यासाठी दिवा धरण्यापासून मी सुरुवात केली. दिवा धरणाऱ्याला वरातीत सगळ्यात जास्त शिव्या मिळतात, घोड्यापेक्षाही. तिथून स्वतःचा कॅमेरा, स्वतःचा स्टुडिओ, दाराबाहेर स्वतःच्या नावाची पाटी. घासाघीस केल्याशिवाय मी आयुष्यात रुमालसुद्धा घेतलेला नाही, आणि माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं तर मी ते पोटात ठेवत नाही. हे एक मात्र पोटात ठेवलं होतं, कारण समोर बहिणीचा नवरा होता. ते तिथे चांगलंच आंबलं.

मग भाचीचं, म्हणजे भाऊजींच्या मुलीचं, लग्न ठरलं. या वेळी मी ठरवलं की हे शूटिंग माझंच. ताईला फोन केला. ती म्हणाली, "तू तुझं एखादं चांगलं काम घेऊन रविवारी जेवाले ये. वडाभात करते. भाऊजींले दाखव. पाहून घेतील, मंग बोलतील." म्हणजे सख्ख्या मामाने भाचीच्या लग्नासाठी नमुना दाखवायचा. मी फोनवर काहीतरी बोललो, ते इथे लिहीत नाही.

तरी गेलो. नरखेड तालुक्यातल्या एका लग्नाची फिल्म पेन ड्राइव्हमध्ये घेतली. माझं सगळ्यात देखणं काम. सकाळची उन्हं, संत्र्याच्या बागेच्या कडेने चाललेली वरात, आणि कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून बागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवलेला. झाडांच्या रांगा एकामागून एक सरकतात आणि शेवटी नवरदेव दिसतो, पाय आखडल्यामुळे घोड्यावरून उतरून पायी चाललेला. हे सगळं मी सेकंदाला चोवीस चित्रं या वेगाने घेतलं होतं. सिनेमा तसाच घेतात. त्यात एक जड, ठसठशीत चाल असते. जास्त चित्रं घेतली की लग्न बातम्यांसारखं दिसायला लागतं, जणू नवरी आता हवामान सांगेल.

भाऊजींचं घर रामदासपेठेत. मौद्याकडच्या वीज केंद्रात त्यांनी नोकरीची वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर दिवाणखान्यात भिंतभर टीव्ही लावला. त्याखाली एक काळा स्ट्रीमिंग बॉक्स, तळहाताएवढा. ओटीटीपासून भजनांपर्यंत सगळं त्या बॉक्समधूनच टीव्हीवर येतं. रिमोट भाऊजींच्या हातात असतो. जेवतानाही डाव्या हातात असतो.

वडाभात झाला. ताक झालं. मी पेन ड्राइव्ह बॉक्सला लावला आणि मागे सोफ्यावर जाऊन बसलो. शेजारी भाची, तिच्या पलीकडे ताई.

बाग आली. आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी बाग अडखळत चालू लागली. झाडं सरकत होती, पण थबकत, धक्के खात, खराब रस्त्यावरच्या एसटीतून दिसावीत तशी.

भाऊजींनी फक्त ताईकडे पाहिलं. त्या एका नजरेत भाच्याचं सगळं लग्न होतं.

"भाऊजी, हा ट्रायपॉड हाय," मी म्हणालो.

"मी काही म्हटलं का गा?"

"तुम्ही ताईकडे पायलं."

"बायकोकडे पाहाले आता तुयी परवानगी लागते?"

मग ते उठले आणि रिमोटने त्यांनी त्या दुसऱ्या स्टुडिओचा नमुना लावला. तोच स्टुडिओ, भाच्याच्या लग्नाचा; या लग्नासाठीही भाऊजी त्यालाच विचारून बसले होते. ड्रोनवरून घेतलेलं मंगल कार्यालय, आणि ते लोण्यावरून सुरी फिरावी तसं पडद्यावरून सरकलं. एक धक्का नाही. "पाह्य," भाऊजी म्हणाले, "याले म्हणते स्थिर हात."

"तो ड्रोन आहे, बाबा. त्याले हात नसते," भाची म्हणाली.

"तेच तं म्हणून राहिलो."

मी पेटलो. मी म्हटलं, तो ड्रोनवाला पोरगा सेकंदाला साठ चित्रं घेतो, त्याला सिनेमा आणि टोलनाक्याचा कॅमेरा यातला फरक कळत नाही. भाऊजी म्हणाले, फरक कळत नसेल, पण डोळे दुखत नाहीत. मी म्हटलं, तुमच्या टीव्हीतच खोट असेल. हे मी रागात बोललो, पण बोलता बोलता माझ्याच डोक्यात काहीतरी खट्ट झालं. ही फिल्म मी माझ्या स्टुडिओत कितीदा पाहिली होती. ती अडखळत नव्हती.

भाऊजींना टीव्हीचा अपमान सहन झाला नाही. त्यांनी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी चालू केलं आणि म्हणाले, "घे. आता तुया हातावर औषध." हे औषध मला माहीत होतं. टीव्ही दोन चित्रांच्या मधलं चित्र स्वतःच्या मनाने तयार करतो आणि आत घुसवतो. बाग गुळगुळीत सरकली खरी. पण झाडाच्या फांद्यांच्या कडा पाण्यात पडल्यासारख्या विरघळल्या, आणि नवरदेव दुपारच्या मालिकेतला धाकटा दीर दिसायला लागला. हळद लावणाऱ्या एका बाईच्या बांगड्या तर मनगटावरून वितळून खाली चालल्या होत्या.

"बंद करा," मी म्हणालो. "अर्धं लग्न मी घेतलं नाही, तुमच्या टीव्हीनं घेतलं."

"पण हलत नाही ना?"

"भाऊजी, वरातीत माणसं हलतात!"

ताई म्हणाली, "अरे तू काहून एवढा तापून राहिला? चहा ठेवू का?" आमच्या घरात माणूस तापला की त्याला आणखी गरम काहीतरी प्यायला देतात.

भाऊजींनी औषध बंद केलं आणि फिल्म तशीच पुढे चालू राहिली. शेवट आला. लग्नाच्या फिल्मच्या शेवटी आम्ही दोन्हीकडच्या मंडळींची नावं खालून वर सोडतो. ती नावं कुणी वाचत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही लग्नाच्या धंद्यात नाही. कुणाचं नाव कुणाच्या खाली गेलं यावरून सोयरिकी वर्षानुवर्षं कडू राहतात. भाऊजी पुढे झुकून, ओळखीचं कुणी निघतं का म्हणून वाचू लागले, आणि डोळे चोळत म्हणाले, "अक्षरंही हलून राहिली."

मी सोफ्यावरून उठलो.

"पुन्हा म्हणा."

"अक्षरंही हलून राहिली, म्हटलं."

"ही अक्षरं मी हातात धरून वर नेली का, भाऊजी? ही कंप्युटरनं नेली. त्याचाही हात हलते का?"

भाची हसली, आणि हसत हसतच म्हणाली, "बाबा, मामाचा पॉइंट आहे."

मी भाऊजींच्या हातातून रिमोट घेतला. त्या घरात असं आधी कधी झालं नसावं. ताईने हातातली कपबशी खाली ठेवली. टीव्हीला येणाऱ्या सिग्नलची माहिती दाखवणारं बटण दाबलं. कोपऱ्यात लिहून आलं: साठ हर्ट्झ. माझी फिल्म चोवीसची, आणि बॉक्स ती साठ करून टीव्हीला देत होता.

"साठ?" भाऊजी म्हणाले. त्यांच्यातला वीजवाला जागा झाला. "आपल्या देशात पन्नास हर्ट्झ असते. साठ अमेरिकेत. तुले हर्ट्झ काय असते माहीत हाय का? मी आयुष्यभर तो पन्नासाचा काटा सांभाळला."

"तो तुमचा विजेचा पन्नास. हा पडद्याचा साठ. पडदा सेकंदाला साठदा नवा होते, त्याचा तुमच्या खांबाशी संबंध नाही."

"मंग साठमध्ये चोवीस बसते ना? मोठ्यात लहान बसतेच."

हा माणूस इंजिनिअर, आणि मी मागावरच्या घरातला. पण हे मला शब्दांत सांगता येईना, म्हणून मी त्यांना पंगतीत बसवलं. म्हटलं, भाऊजी, समजा साठ पुऱ्या आहेत आणि चोवीस माणसं. सारख्या वाढायच्या, आणि पुरी मोडायची नाही. कशा वाढाल?

"अडीच-अडीच."

"मोडायची नाही म्हटलं."

त्यांनी विचार केला. पंगतीचा प्रश्न त्यांना आवडतो. "मंग एकाले तीन, दुसऱ्याले दोन, एकाले तीन, दुसऱ्याले दोन."

"तेच तुमचा बॉक्स करून राहिला. माझं एक चित्र तीन वेळा दाखवते, पुढचं दोन वेळा. जे उभं हाय त्यात काही कळत नाही. पण सावकाश सरकणारं काही आलं की एक पाऊल जास्त वेळ थांबते, दुसरं कमी. माणूस लंगडते. झाड लंगडते. नावं लंगडतात. आणि त्या ड्रोनवाल्याची साठ चित्रं, म्हणजे माणशी एकच पुरी, म्हणून तो गुळगुळीत."

"मंग पुऱ्याच वाढवा, सगळ्यायले सारख्या येतील," ताई म्हणाली. तिला सगळ्यात अचूक कळलं होतं, पण तिला ते माहीत नव्हतं.

"त्यासाठीच सेटिंग असते," भाची म्हणाली. तिने माझ्याकडून रिमोट घेतला आणि बॉक्सच्या डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये गेली. तिथे एक ओळ होती: फ्रेम रेट मॅच करा. म्हणजे जे चालू आहे ते चोवीसचं असेल तर बॉक्सने टीव्हीला चोवीसच द्यायचं, साठचं असेल तर साठ. भाऊजींच्या महागड्या टीव्हीचा पडदा एकशेवीसपर्यंत जातो, त्यामुळे चोवीस आलं की तो प्रत्येक चित्र पाच पाच वेळा दाखवतो. सगळ्यांना सारख्या पुऱ्या. चालवणाऱ्या अ‍ॅपनेही हे मानावं लागतं, सगळी मानत नाहीत. पण पेन ड्राइव्हवरचं चालवणारं ते साधं अ‍ॅप मानत होतं.

ती ओळ बंद होती.

"हे कोणी बंद केलं? नवीन बॉक्स आणला तेव्हा मीच चालू केलं होतं," भाची म्हणाली.

भाऊजींनी चहाचा कप उचलला.

"बाबा?"

"ते चालू असलं की सिनेमा लावला की पडदा काळा होते," भाऊजी म्हणाले. "दोन-तीन सेकंद सगळं जाते. सिनेमा संपला की पुन्हा जाते. मले वाटलं बॉक्स ट्रिप होऊन राहिला."

हे खरं आहे. बॉक्सने वेग बदलला की टीव्हीला नव्याने जुळवून घ्यावं लागतं, आणि तेवढा वेळ पडदा काळा राहतो. दुसऱ्या कुणालाही ते चाललं असतं. पण या माणसाने आयुष्यभर एकच काम केलं होतं: अंधार होऊ द्यायचा नाही. वीज केंद्रात दिवा मिणमिणला तर याची झोप उडायची. त्याच्या स्वतःच्या दिवाणखान्यात रोज संध्याकाळी अंधार व्हायला लागला, तर त्याने दुरुस्ती केली. कंट्रोल रूममध्ये केली असती तशीच. आणि त्या दुरुस्तीची शिक्षा माझ्या हाताला झाली.

भाचीने ओळ चालू केली आणि फिल्म लावली. पडदा काळा झाला.

"गेली!" भाऊजी अर्धे उठले.

"बसा," मी म्हणालो.

मग बाग आली. झाडांच्या रांगा एका चालीने सरकू लागल्या, जड, समान. लोण्यावरची सुरी नव्हे. चोवीसमध्ये सिनेमाची ती बारीक थरथर उरतेच, ती तर मला हवीच असते. पण धक्के गेले होते. घोड्यावरून उतरलेला नवरदेव आला. कोपऱ्यात चोवीस हर्ट्झ लिहिलं होतं. नावं वर गेली, आणि भाऊजींनी ती शेवटपर्यंत वाचली.

मला वाटलं आता माणूस काहीतरी बोलेल. ते म्हणाले, "अंधार मात्र होतेच."

मी जोडा घालायला दाराकडे निघालो. भाचीने मला बाहीला धरून परत आणलं. "मामा, शूटिंग तुम्हीच करायचं. मी आधीपासून तेच म्हणून राहिले. पण एक अट आहे."

"तूही?"

"चोवीसमध्ये नाही. तीसमध्ये."

आत्ताच तर जिंकलो होतो. ती शांतपणे बोलत राहिली. "माझ्या सासरी टीव्ही साधा आहे, साठचा. बॉक्सही साधा. सासूबाई ही फिल्म दर आठवड्याला लावतील, येईल त्याला दाखवतील. मावश्या दाखवतील. तुम्ही काय रिमोट घेऊन प्रत्येकाच्या घरी सेटिंग करत फिराल? आणि प्रत्येकाकडे एक तरी बाबा असेल, तो परत बंद करेल."

"काय वं, बापाले असं बोलते?" ताई म्हणाली, पण तिला ते आवडलं होतं.

मी घासाघीस केली. वरात चोवीसमध्ये, बाकी तीसमध्ये. नाही. मग माझ्यासाठी वेगळी प्रत चोवीसमध्ये. घ्या, ती म्हणाली, पण शूटिंग तीसमध्ये. तीसवरून चोवीस नीट होत नाही, हे तिला माहीत होतं; मलाही. ती माझ्यासारखीच भांडते, आवाज न चढवता. तीस साठात नेमकं दोनदा बसतं, प्रत्येक चित्र दोन वेळा, लंगडणं नाही, कुणाच्या घरातली कुठलीही सेटिंग लागत नाही. तिचा हिशेब बरोबर होता. पण हिशेब बरोबर आहे म्हणून मी काही फुकट मान्य करत नाही.

"तीस देतो," मी म्हणालो. "पण त्या ड्रोनवाल्याले नाही म्हणाचा फोन भाऊजी करतील. आता. माझ्यासमोर. आणि माझा हात हलत नाही हे तुमच्या त्या खानदानी ग्रुपवर लिहितील."

भाऊजी म्हणाले, "आणि मंगलाष्टकांच्या वेळेस? मामाले नवरीच्या मागे उभं राहावं लागते. कॅमेरा कोण धरन?"

हा त्यांचा शेवटचा पत्ता होता, आणि तो मला खरोखर सुचला नव्हता. आमच्याकडे अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी मामाच उभा राहतो. भाड्याचा मामा मिळत नाही. मी म्हटलं, तेवढा वेळ कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का आवळून ठेवीन.

"हां," भाऊजी समाधानाने म्हणाले. "मंग हरकत नाही."

फोन त्यांनी केला. ग्रुपवर लिहायला मात्र त्यांना पूर्ण एक चहा लागला. त्यांनी लिहिलं: "टीव्हीत तांत्रिक बिघाड होता. तो दुरुस्त केला. शूटिंग मामा करतील." माझ्या हाताचं नाव त्यात कुठेच नव्हतं. मी ते दाखवलं तर म्हणाले, "बिघाड हाताचा नव्हता, हे त्यातच आलं ना गा?" मी आणखी ताणलं असतं, पण ताईने डोळे वटारले. कधी सोडायचं हे न कळणारा माणूस धंद्यात टिकत नाही.

लग्न तीसमध्ये घेतलं. मंगलाष्टकांत मी भाचीच्या मागे उभा होतो आणि कॅमेरा समोर ट्रायपॉडवर. एका काकांनी मध्येच त्याच्यासमोर उभं राहून अक्षतांऐवजी स्वतःची पाठच चित्रात दिली. बाकी काम चांगलं झालं.

नंतर भाचीच्या सासरी सगळे जमलो आणि त्यांच्या साध्या टीव्हीवर फिल्म लागली. मी पडदा बघत नव्हतो, माणसांची तोंडं बघत होतो. वरातीत एकही डोळा चोळला गेला नाही. पडदा काळा झाला नाही. कुणी चित्राबद्दल चांगलं किंवा वाईट एक अक्षर बोललं नाही. मठ्ठा आंबट होता की नाही यावर मात्र दोन्ही बाजूंनी बराच वाद झाला. माझ्या कामात यापेक्षा मोठी दाद नसते, आणि मला ती अजिबात पुरली नाही.

कारण पलीकडे भाऊजी व्याह्यांना समजावून सांगत होते की चोवीस आणि साठमध्ये पुऱ्या कशा वाढतात, आणि घरच्या टीव्हीतला तो दोष त्यांनी स्वतः कसा शोधून काढला.